ऑनलाइन गणित शिकवणीचा पहिला तास: शिक्षकांना आधी काय पाठवायचं आणि त्या तासात काय पाहायचं

ऑनलाइन शिकवणीचा पहिला तास, ज्याला बहुतेक जण डेमो म्हणतात, प्रत्यक्षात साधारण अर्ध्या तासाचाच असतो. तयारी न करता गेलं की तो कसा जातो हे मी शिकवणाऱ्याच्या बाजूने खूपदा पाहिलं आहे. नाव, इयत्ता, शाळेत कोणता धडा चालू आहे, यात पाच-सात मिनिटं जातात. मग शिक्षक अंदाजाने एखादं मध्यम उदाहरण निवडतात आणि स्क्रीनवरच्या फळ्यावर नीट सोडवून दाखवतात. मूल "हो, कळलं" म्हणतं. तास संपल्यावर आई विचारते, "कसे वाटले सर?" आणि मूल म्हणतं, "चांगले आहेत." एवढ्यावर पुढच्या कित्येक महिन्यांचा निर्णय होतो. मुलाने शिक्षकांचं गणित पाहिलेलं असतं, शिक्षकांनी मुलाचं गणित पाहिलेलंच नसतं.

हे बदलायला दोनच गोष्टी लागतात. एक, काय साधायचं आहे ते तीन-चार ओळींत लिहिलेलं असावं. दोन, मुलाच्या हातची, चुकांसकट असलेली काही पानं शिक्षकांकडे आधी पोहोचलेली असावीत. या दोन्ही कशा तयार करायच्या आणि तासाला त्यांचा वापर कसा करून घ्यायचा ते इथे एका उदाहरणावरून सांगते. उदाहरण बीजगणिताचं आहे: चौदा वर्षांची मुलगी, दोन चलांतली रेषीय समीकरणं, परीक्षेला आठ आठवडे.

उद्दिष्ट: आधीची उत्तरपत्रिका समोर घेऊन लिहा

"गणित सुधारायचं आहे" या वाक्यावरून शिक्षकांना काहीच ठरवता येत नाही. "बीजगणित कच्चं आहे" हे त्याहून थोडंसंच बरं. मुलाला थेट "तुला काय अवघड जातं?" असं विचारूनही फारसं हाती लागत नाही, कारण मूल बहुधा शाळेत नुकताच झालेला धडा सांगतं, किंवा ज्यावरून ओरडा बसला तो.

त्याऐवजी शेवटची तपासलेली उत्तरपत्रिका काढा आणि मुलाबरोबर बसून गुण कुठे गेले ते पाहा. प्रत्येक गेलेल्या गुणापुढे पेन्सिलीने एक खूण करा: प्रश्न सोडूनच दिला, सुरुवातच चुकीची झाली, सुरुवात बरोबर पण मधली पायरी चुकली, की वेळ पुरला नाही. पंधरा-वीस मिनिटांत चित्र दिसू लागतं. आपल्या उदाहरणातल्या मुलीच्या बाबतीत असं दिसलं की नुसती समीकरणं दिली की ती सोडवते, पण शाब्दिक उदाहरणं एकतर कोरी आहेत, नाहीतर पहिल्या ओळीपासून चुकलेली. घरच्यांचा समज मात्र "ती घाई करते" असा होता.

यावरून उद्दिष्ट लिहिताना मूल काय करू शकलं पाहिजे ते लिहा. किती गुण हवेत ते त्यानंतर. असं:

"शाब्दिक उदाहरण वाचून दोन समीकरणं तिला स्वतःला, कुणी सूचना न देता मांडता यावीत. परीक्षा आठ आठवड्यांनी आहे. त्यात अशी तीन-चार उदाहरणं असतात आणि सध्या ती बहुतेक सोडून देते."

यात शिक्षकांना हवं ते सगळं आहे: नेमकी कृती, मुदत आणि आत्ताची स्थिती. काम नीट झालं का हे ओळखायचं कसं, तेही यातच आलं, कारण समीकरण मांडलं गेलं की नाही हे कागदावर दिसतं.

मुलाचं उद्दिष्ट आणि आईवडिलांचं उद्दिष्ट पुष्कळदा वेगळं असतं. आईला गुण हवे असतात. मुलीला वर्गात फळ्यापाशी बोलावल्यावर अडकायचं नसतं. दोन्ही लिहा आणि कुणाचं कोणतं तेही लिहा. मुलीचं वाक्य तिच्याच शब्दांत असू द्या. कोणती पानं आधी उघडायची आणि कोणत्या सुरात बोलायचं, हे चांगले शिक्षक त्या वाक्यावरून ठरवतात.

नमुना: वहीतलं सर्वांत सुबक पान पाठवू नका

पालक मुलाची वही पाठवतात तेव्हा साहजिकच चांगलं पान निवडतात. शाळेची वही तर बहुतेक वेळा फळ्यावरून उतरवलेली किंवा नंतर दुरुस्त केलेली असते. तिच्यात शाळेतल्या शिक्षकांचं गणित असतं. मुलाचा विचार जिथे वाकडा जातो ती जागा खोडरबराने पुसली गेलेली असते आणि नेमकी तीच जागा नव्या शिक्षकांना पाहायची असते.

माझ्या मते चार गोष्टी पुरतात. तपासलेल्या उत्तरपत्रिकेतली एक-दोन पानं, जिथे गुण गेले ती. ताज्या सोडवलेल्या तीन उदाहरणांचं एक पान. मुलाला व्यवस्थित जमलेलं एखादं उदाहरण, म्हणजे पक्की जमीन कुठपर्यंत आहे ते कळतं. ते त्या ताज्या तीन उदाहरणांपैकीच एक असलं तरी चालेल. आणि शाळेत ज्या पद्धतीने शिकवलंय त्या पाठ्यपुस्तकाच्या पानाचा फोटो. शेवटची गोष्ट लोक विसरतात. एकसामयिक समीकरणं सोडवायच्या दोन-तीन पद्धती आहेत. शाळेत लोप पद्धत चालू असताना डेमोत कुणी आदेश पद्धतीने सुरुवात केली, तर मूल गणितात अडकलंय की नव्या मांडणीत, हे कळेनासं होतं.

ताजं पान तयार करताना थोडी शिस्त लागते. तीन उदाहरणं निवडा: एक सोपं जाणारं, एक नेहमी चुकणारं, एक मधलं. पेन द्या, पेन्सिल नको. चुकलं तर एक रेघ मारून पुढे जायचं, गिरवायचं किंवा पांढरी शाई लावायची नाही. प्रत्येक उदाहरण सुरू केल्याची आणि संपवल्याची वेळ समासात लिहायला सांगा. तुम्ही खोलीत असलात तरी गप्प राहा. "नीट वाच बरं" एवढं म्हटलं तरी नमुना बिघडतो. अडल्यास तिथेच थांबून "इथे पुढे काय करायचं कळत नाही" असं लिहिलं तरी चालतं. ते वाक्य शिक्षकांच्या फार उपयोगाचं असतं. नंतर तुम्ही तपासू नका, बरोबर-चूक अशा खुणा करू नका.

फोटो दिवसाच्या उजेडात, वरून सरळ काढा. कागदावर हाताची सावली नको आणि पान पूर्ण यायला हवं. उत्तराबरोबर मूळ प्रश्नही दिसला पाहिजे. नुसती उत्तरं पाहून प्रश्न ओळखत बसण्यात शिक्षकांचा वेळ जातो. सगळी पानं क्रमाने एकाच पीडीएफमध्ये घाला. मुलाचं पूर्ण नाव, शाळा, हजेरी क्रमांक पानावर असेल तर झाकून फोटो घ्या, कारण या माणसाला तुम्ही अजून ओळखत नाही. एकूण पाच-सहा पानं झाली की थांबा. शिक्षक हे तासाच्या वेळेबाहेर वाचतात. दहा मिनिटांत वाचून होईल एवढंच असलं तर ते खरंच वाचलं जातं. अख्खी वही पाठवली की पहिलं पान उघडून बंद होते.

त्या पानावर काय दिसतं: एक प्रत्यक्ष नमुना

मुलीने सोडवलेली तीन उदाहरणं अशी होती. पहिलं शाब्दिक: एका वर्गात मुलींची संख्या ही मुलांच्या संख्येच्या दुपटीपेक्षा ३ ने कमी आहे. वर्गात एकूण ४२ विद्यार्थी आहेत. तर मुली किती आणि मुलं किती? तिने लिहिलं:

```
x = मुली,  y = मुलं
2x - 3 = y
x + y = 42
x + 2x - 3 = 42
3x = 45
x = 15,  y = 27
```

उत्तर पूर्णांकात आलं, बेरीजही ४२ झाली. तिला ते बरोबर वाटलं आणि तिने पुन्हा पाहिलं नाही. खरं उत्तर आहे मुली २७ आणि मुलं १५. मागच्या उत्तरसूचीवर नजर टाकणाऱ्या कुणालाही वाटेल की तिने शेवटी आकडे अदलाबदल करून लिहिले, म्हणजे घाई केली. पण पान पाहिलं की दिसतं, दुसऱ्या ओळीतच वाक्य उलटं उतरलंय. दुप्पट मुलांची करायची होती, तिने मुलींची केली. पुढची प्रत्येक पायरी निर्दोष आहे.

दुसरं उदाहरण नुसतं समीकरण होतं:

```
5x - 3(x - 4) = 20
5x - 3x - 12 = 20
2x = 32
x = 16
```

इथे कंस सोडवताना चिन्ह चुकलं. वजा तीन गुणिले वजा चार म्हणजे अधिक बारा; मग 2x = 8 आणि x = 4. ही चूक एकदाच झालेली असेल तर ती निसटलेली चूक. पण उत्तरपत्रिकेच्या पानावर कंसात वजा असलेली आणखी दोन उदाहरणं होती आणि दोन्हीत हेच झालं होतं. कंसात अधिक असेल तिथे मात्र सगळं बरोबर. म्हणजे तिच्या मनात एक चुकीचा नियम पक्का बसलाय. एकाच प्रकारची दोन-तीन पानं पाठवण्याचा हा उपयोग: एकटी चूक काही सांगत नाही, पुन्हा पुन्हा तशीच होणारी चूक सांगते.

तिसरं होतं 2x + y = 11 आणि x - y = 1. ते तिने लोप पद्धतीने चार ओळींत, तीन मिनिटांत सोडवलं: x = 4, y = 3. म्हणजे समीकरणं सोडवण्याची रीत तिला येते, आणि अर्धा तास त्यावर घालवायची गरज नाही.

समासातल्या वेळाही पाहा. शाब्दिक उदाहरणाला तिला अकरा मिनिटं लागली होती. अकरा मिनिटं बसून उलटं समीकरण लिहिणारी मुलगी घाई करत नाहीये. घरच्यांचा निष्कर्ष या एका आकड्याने बाद झाला.

ॲन न्यूमन या ऑस्ट्रेलियातल्या शिक्षणतज्ज्ञ. त्यांनी १९७७ साली शाब्दिक उदाहरणांतल्या चुका शोधण्याची एक रीत मांडली, ती मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते. मूल पाच पायऱ्यांपैकी कुठे अडलं ते पाहायचं: प्रश्न वाचता आला का, अर्थ कळला का, त्याचं गणितात रूपांतर करता आलं का, आकडेमोड जमली का, आणि उत्तर नीट लिहिलं का. ही मुलगी तिसऱ्या पायरीवर अडते आहे, आणि कंसाच्या चिन्हामुळे कधीकधी चौथ्यावर. हे निदान तासाच्या आधीच, फक्त कागद पाहून बऱ्यापैकी होतं. कागदावरून दुसरी आणि तिसरी पायरी मात्र नेहमी वेगळी करता येत नाही. तिला वाक्याचा अर्थच उलटा लागला, की अर्थ बरोबर लागून लिहिताना उलटा झाला? ते तिच्याशी बोलूनच कळतं, आणि डेमोचा वेळ त्यासाठी वापरायचा.

निरोप कसा लिहायचा

तासाच्या दोन दिवस आधी, पानांबरोबर छोटा निरोप पाठवा. नमुना देते:

"नमस्कार सर, परवा संध्याकाळी माझ्या मुलीचा डेमो आहे. सोबत पाच पानं पाठवते आहे: दोन उत्तरपत्रिकेची, दोन कालच तिने कुणाच्या मदतीशिवाय सोडवलेली, एक पाठ्यपुस्तकाचं. शाब्दिक उदाहरणांवरून समीकरणं स्वतः मांडता यावीत हे उद्दिष्ट आहे. परीक्षा आठ आठवड्यांनी आहे. ती स्वतः म्हणते, 'फळ्यापाशी गेल्यावर सुरुवात कुठून करायची ते सुचत नाही.' नुसती समीकरणं तिला सोडवता येतात असं आम्हाला वाटतं. तासाच्या सुरुवातीला तिला एक शाब्दिक उदाहरण मोठ्याने बोलत सोडवायला द्याल का? तास संपताना पाच मिनिटं, तुम्हाला काय दिसलं ते आमच्याशी बोलाल तर बरं होईल."

निदान तुम्ही करून पाठवू नका. "तिला तिसऱ्या पायरीला अडचण आहे" असं लिहिलं की शिक्षक तेच शोधतील आणि त्यांची स्वतःची नजर किती तीक्ष्ण आहे हे तुम्हाला कळणार नाही. निरीक्षण द्या, निष्कर्ष स्वतःकडे ठेवा. उत्तर काय येतं तेही पाहा. "पानं पाहिली, दुसऱ्या ओळीबद्दल तिला विचारेन" असं आलं तर पानं वाचली गेली आहेत. "काळजी करू नका, सगळं करून घेऊ" असं आलं तर बहुधा उघडलेलीही नाहीत. पण एवढ्यावरून नकार देऊ नका, तास होऊ द्या.

तासाची मांडणी

गणितात एक तांत्रिक गोष्ट नक्की सांभाळावी लागते: शिक्षकांना मुलाचा हात लिहिताना दिसला पाहिजे. पेन चालणारा टॅब्लेट असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर दुसरा फोन पुस्तकांच्या ढिगावर, कॅमेरा खाली वहीकडे करून ठेवा आणि त्याच मीटिंगमध्ये जोडा. त्याचा माइक आणि आवाज दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. आदल्या दिवशी एकदा जोडून पाहा. लिहिताना हाताआड ओळ जात असेल तर फोन डाव्या-उजव्या बाजूला सरकवा.

तुम्ही बसायचं असेल तर कॅमेऱ्याच्या बाहेर बसा आणि मुलीने वर पाहिलं तरी काही बोलू नका. उद्दिष्ट तिनेच शिक्षकांना सांगावं, अडखळत का होईना.

तीस मिनिटांत साधारण असं बसतं. ओळख दोन-तीन मिनिटं, त्याहून जास्त नको, कारण माहिती आधीच गेली आहे. मग आठ-दहा मिनिटं मुलगी सोडवते आणि शिक्षक पाहतात. पुढची दहा-बारा मिनिटं शिकवणं, एकाच मुद्द्यावर. त्यानंतर चार-पाच मिनिटं तसंच पण नवं उदाहरण, तिने एकटीने. उरलेला वेळ तुमच्याशी बोलणं.

यातली पहिली आठ-दहा मिनिटं बहुतेक शिक्षकांना जड जातात. मूल अडलंय हे दिसत असताना गप्प बसणं कठीण असतं, त्यातून डेमो म्हणजे आपण चांगलं शिकवून दाखवायचं असं त्यांच्याही मनात असतं. त्यामुळे तुमच्या निरोपातली ती विनंती महत्त्वाची. ती केलेली असली की शिक्षकांना पाहत बसायची मोकळीक मिळते.

शिकवणं चांगलं आहे हे ओळखायचं कसं

वर्गातल्या मुलामुलींचं तेच उदाहरण घेऊ. मुलीने 2x - 3 = y लिहिलंय. एक शिक्षक म्हणतील, "अगं, उलटं झालं. x = 2y - 3 असं हवं. सिली मिस्टेक." मुलगी मान हलवेल, दुरुस्त करेल, आणि पुढच्या उदाहरणात पुन्हा तेच करेल.

दुसरे शिक्षक विचारतील, "ही ओळ तू कशी लिहिलीस ते सांग बरं." ती म्हणेल, "मुली, दुपटीपेक्षा तीनने कमी... म्हणून दोन x वजा तीन." म्हणजे वाक्यात शब्द ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने तिने चिन्हं उतरवली. मग ते म्हणतील, "समजा मुलं दहा आहेत. वाक्याप्रमाणे मुली किती?" ती सांगेल, दोन दहे वीस, तीन कमी, सतरा. म्हणजे अर्थ तिला कळतो. दुसरी पायरी ठीक आहे. "आता तुझ्या समीकरणात सतरा आणि दहा घालून बघ." 2x - 3 म्हणजे ३४ वजा ३, एकतीस, आणि y आहे दहा. जुळत नाही. इथे मुलगी स्वतःच थांबते. दुरुस्ती तिच्या हातून होते, आणि शिवाय पुढे प्रत्येक वेळी वापरता येईल असं एक हत्यार तिला मिळतं: सोपे आकडे घालून स्वतःचं समीकरण तपासायचं.

चांगल्या शिक्षकांची नजर पहिल्या ओळीवरही जाईल. तिने "x = मुली" असं लिहिलंय, "x = मुलींची संख्या" असं नाही. जे मूल अक्षराकडे वस्तूचं नाव म्हणून पाहतं, ते "2x" वाचताना "दोन मुली" किंवा "मुलींचा मोठा गट" असं काहीतरी डोळ्यांपुढे आणतं, आणि समीकरण उलटं लिहिण्याचं ते एक मोठं कारण आहे. ही चूक फक्त कच्च्या मुलांची नाही. अमेरिकेत जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत, हे समीकरणात लिहा, एवढंच त्यांना सांगितलं होतं. तिघांतल्या एकाहून जास्त जणांचं चुकलं, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते उलटं लिहिलं. मुलीला हे जरूर सांगा. आपल्यालाच हे जमत नाही, हा समज त्याने बराच हलका होतो.

सावध व्हावं अशा काही खुणाही आहेत. शिक्षक संपूर्ण धडा सुरुवातीपासून समजावू लागले, तर त्यांनी पानं वाचलेली नाहीत किंवा वाचून सोडून दिली. लिहिण्याचं काम सतत त्यांच्याच हातात राहिलं, तर मुलीचा हात त्या तासात चाललाच नाही. आणि "कमी हा शब्द दिसला की वजाबाकी, जास्त दिसला की बेरीज" अशी युक्ती दिली, तर मी तरी तिथे थांबेन. "मुलं मुलींपेक्षा ३ ने जास्त आहेत, मुलं १५, तर मुली किती?" या प्रश्नात "जास्त" आहे आणि करायची आहे वजाबाकी. शब्द धरून चालणाऱ्या युक्त्या सोप्या उदाहरणांत गुण मिळवून देतात, आणि वाक्य न वाचण्याची सवय लावतात.

उलट एखाद्या शिक्षकाने फार गोड बोलणं, रंगीत स्लाइड्स असं काही केलं नाही, पण मुलीच्या उत्तरानंतर तीन-चार सेकंद थांबून "का?" असं विचारलं, तर त्या थांबण्याला वजन द्या.

शेवटच्या पाच मिनिटांत काय विचारायचं

तीन प्रश्न पुरेत. तुम्हाला ती नेमकी कुठे अडताना दिसली? पुढच्या चार तासांत काय कराल? आणि आठ आठवड्यांत हे उद्दिष्ट गाठता येईल का?

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मुलीच्या पानावरची एखादी ओळ आली पाहिजे. दुसऱ्याच्या उत्तरात क्रम दिसला पाहिजे. या मुलीसाठी मला पटेल असा क्रम: पहिला तास वाक्य आणि समीकरण यांची ये-जा, दोन्ही दिशांनी, दुसऱ्या तासाच्या सुरुवातीला वजा कंसाचा नियम दुरुस्त करणं, कारण ते छोटं काम आहे, मग वय, अंतर-वेग, दोन अंकी संख्या असे उदाहरणांचे प्रकार. तिसऱ्याचं उत्तर "नक्की" असं झटकन आलं तर मी खूश होणार नाही. एका तासात सगळं दिसत नाही. समीकरणं मांडता येऊ लागल्यावर अपूर्णांकांची उदाहरणं आली आणि तिथे नवीच अडचण निघाली, असं वारंवार होतं. "दोन आठवड्यांनी तिची पुन्हा अशीच तीन उदाहरणं पाहू आणि मग सांगतो" हे उत्तर जास्त भरवशाचं.

दुसऱ्या दिवशीची तपासणी

तासात सोडवलेलं उदाहरण लगेच पुन्हा सोडवता येणं यातून फार थोडं कळतं. एक दिवस जाऊ द्या आणि रचना तीच पण प्रसंग वेगळा असं उदाहरण द्या. उदाहरणार्थ: एका ग्रंथालयात कथांची पुस्तकं ही विज्ञानाच्या पुस्तकांच्या तिपटीपेक्षा ४ ने जास्त आहेत. दोन्ही मिळून ६४. तर कोणती किती? उत्तर विज्ञानाची १५, कथांची ४९.

उत्तराकडे नंतर पाहा. आधी पहिल्या दोन ओळी पाहा: "संख्या" हा शब्द आला का, आणि तिप्पट विज्ञानाच्या पुस्तकांची केली का. समासात सोपे आकडे घालून तपासल्याची खूण दिसली तर तासातलं हत्यार तिच्याजवळ राहिलंय. पुन्हा उलटंच लिहिलं, पण स्वतः थांबून सुधारलं, तर तेही मी चांगलं चिन्ह मानते. काहीच बदल नसेल तर लगेच शिक्षकांना दोष देऊ नका. उलट समीकरणाची सवय एका तासात जाईल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तेच पान शिक्षकांना पाठवा आणि ते त्यावर काय म्हणतात ते पाहा. डेमोइतकंच ते उत्तर निर्णयाला उपयोगी पडतं.

दोन शिक्षकांचे डेमो घेणार असाल तर एक काळजी घ्या. पहिल्या तासाने मूल थोडं बदललेलं असतं, म्हणून दुसऱ्यांकडे तीच पानं पाठवली तर त्यांना कालचं मूल दिसेल आणि समोर आजचं बसलेलं असेल. सुरुवातीलाच तीनऐवजी सहा उदाहरणं निवडून ठेवा. त्यातली तीन पहिल्या डेमोआधी सोडवून घ्या, उरलेली तीन पहिल्या डेमोनंतर आणि दुसऱ्याच्या आधी. उद्दिष्टाच्या ओळी दोघांनाही सारख्याच पाठवा, म्हणजे दोघांच्या उत्तरांची तुलना करता येते. आणि पहिल्या शिक्षकांनी काय निदान केलं ते दुसऱ्यांना तास संपेपर्यंत सांगू नका. दोघांनी स्वतंत्रपणे एकाच ओळीवर बोट ठेवलं तर निदान पक्कं समजा. दोघांची बोटं वेगळ्या ओळींवर पडली तर मुलीला विचारा, कुणाचा प्रश्न ऐकल्यावर तिचं तिला कळलं, आणि त्यांच्याकडे सुरुवात करा. ज्यांना नाही म्हणायचंय त्यांनाही दोन ओळींचा निरोप पाठवा: वेळ दिल्याबद्दल आभार, आणि पाठवलेली पानं पुसून टाकण्याची विनंती.